धनत्रयोदशीपर्यंतचे १२ आठवडे: तांबट आळीतल्या दुकानाचं कन्टेन्ट आणि ईमेल फनेल

डिजिटल मार्केटिंग मॉड्यूल – नमुना आराखडा

या आराखड्यातलं दुकान सरावासाठी कल्पिलेलं आहे. कसबा पेठेत, तांबट आळीत, तांब्या-पितळेची भांडी विकणारं आणि मागच्या बाजूला कल्हई करून देणारं घरचं दुकान. वेबसाइट आहे, तिच्यावर आठवड्याला साधारण ४०० लोक येतात. ईमेल यादी नाही. ऑनलाइन ऑर्डरची सरासरी रक्कम २,४०० रुपये धरली आहे. खालचे लक्ष्याचे आकडेही याच दुकानापुरते आहेत. ते उचलून दुसऱ्या धंद्याला चिकटवू नका.

आधी उलटं गणित

मालकांची पहिली मागणी होती ईमेलवरून ६० ऑर्डर. नवीन यादीतले ४ टक्के लोक या मुदतीत खरेदी करतील असं धरलं, तर ६० ऑर्डरसाठी १,५०० जणांची यादी लागते. काउंटरवर रोज ७ जणांनी ईमेल दिला आणि आठवड्याचे ६ दिवस दुकान उघडं असलं, तर १२ आठवड्यांत साधारण ५०० जण होतात. उरलेले १,००० वेबसाइटवरून यायला हवेत. येणाऱ्यांपैकी ५ टक्के लोक नोंदणी करतील असं मानलं तरी त्यासाठी २०,००० भेटी लागतात, म्हणजे आठवड्याला सुमारे १,६७०. आज ४०० आहेत. जाहिरातीचं बजेट नसताना ही चौपट वाढ १२ आठवड्यांत होणार नाही, आणि हे पहिल्याच बैठकीत मालकांना सांगायला हवं.

म्हणून लक्ष्य ३६ ऑर्डर. त्यासाठी ९०० जणांची यादी: ५०० काउंटरवरून, ४०० वेबसाइटवरून. ४०० नोंदण्यांसाठी ८,००० भेटी, म्हणजे आठवड्याला सुमारे ६७०. हे कष्टाचं आहे, पण होण्यासारखं आहे. अपेक्षित विक्री ८६,४०० रुपये. काउंटरवरचे लोक दुकान ओळखतात, वेबसाइटवरचे ओळखत नाहीत. त्यामुळे ४ टक्क्यांचा अंदाज दोघांना सारखा लागू पडेल असं नाही. पहिल्या दिवसापासून दोन्ही गटांना वेगळे टॅग लावायचे आणि रूपांतर दर, म्हणजे किती टक्के लोकांनी खरेदी केली ते, वेगळा मोजायचा.

पहिला टप्पा: ओळख

लोक गूगलवर काय विचारतात त्यावरून विषय निघतात. ‘पितळेच्या पातेल्यात आमटी करावी का’, ‘तांब्याचा तांब्या काळा पडला तर काय करावं’, ‘कल्हई म्हणजे काय’. हे ओळखीच्या टप्प्यातले प्रश्न. ‘पुण्यात कल्हई कुठे करून मिळेल’ हा प्रश्न मात्र वेगळा. तो विचारणाऱ्याच्या हातात भांडं आहे, त्याला लेख नको, पत्ता, वेळ आणि दर हवेत. हे पान ओळखीच्या लेखांमध्ये ठेवलं तर दुकानाचं नुकसान आहे. ते थेट खरेदीच्या टप्प्यात धरायचं आणि गूगल बिझनेस प्रोफाइलशी जोडायचं.

१२ आठवड्यांत ६ लेख आणि १२ छोटे व्हिडिओ पुरेत. सगळ्यात भरवशाचा व्हिडिओ दुकानाच्या मागच्या बाजूलाच आहे. भांडं भट्टीवर लालसर तापतं, नवसागराचा पांढरा धूर उठतो, कथिलाची कांडी टेकली की धातू वितळतो आणि कापसाचा बोळा फिरवताच पिवळं पितळ बघता बघता चांदीसारखं होतं. हे सगळं २० सेकंदांत दिसतं. पार्श्वसंगीत नको, भट्टीचा आणि ठोक्यांचा आवाज राहू द्या. मठारकामाचा, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेल्या एकसारख्या खुणांचा, एक व्हिडिओ असाच करा.

तांब्यातल्या पाण्याने अमुक रोग बरा होतो असे दावे कुठेही करायचे नाहीत. पुरावा नसलेला दावा भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या नियमांत बसत नाही. शिवाय आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, ही खरी आणि उपयोगाची माहिती दुकानाकडे असताना खोट्याची गरजच काय?

मोजायचं काय: गूगल सर्च कन्सोलमधले इंप्रेशन, म्हणजे शोधात आपलं पान किती वेळा दिसलं ते, आणि क्लिक; शिवाय GA4 मधली, म्हणजे गूगल अॅनालिटिक्स ४ मधली, एंगेज्ड सेशन्स. भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती झाली, तरच GA4 त्या भेटीला एंगेज्ड म्हणतं. व्हिडिओच्या व्ह्यूजची नोंद ठेवा, पण त्यावरून निर्णय घेऊ नका. निर्णायक आकडा एकच: आठवड्याला ६७० भेटी. चौथ्या आठवड्यात तो ५०० च्या खाली असेल तर नवीन लेख थांबवायचे आणि आहेत त्यांची शीर्षकं, सुरुवातीचे परिच्छेद सुधारायचे.

दुसरा टप्पा: विचार, म्हणजेच ईमेल पत्ता मिळवणं

बहुतेक विद्यार्थी इथे ‘आमच्या न्यूजलेटरसाठी नोंदणी करा’ असं बटण ठेवतात. त्या वाक्यात ग्राहकासाठी काहीच नाही. आपण देणार आहोत ‘घरातल्या भांड्यांचा तक्ता’: एक पान, कोणत्या धातूच्या भांड्यात काय शिजवावं, काय साठवू नये, कशाने घासावं आणि कल्हई झिजली हे कसं ओळखावं. छापून स्वयंपाकघरात लावता येईल असा.

काउंटरवरची अडचण वेगळी. माणसं मोबाइल नंबर पटकन देतात, ईमेल द्यायला कचरतात. म्हणून कल्हईची पावती ईमेलवर पाठवायची आणि अर्जावर एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: ‘घरातल्या बाकीच्या भांड्यांना कल्हई कधी केली होती?’ पुढे या एका उत्तरावर सगळ्यात कामाचा ईमेल उभा राहणार आहे. पावतीची संमती म्हणजे जाहिरातीची संमती नव्हे. त्यासाठी वेगळी चौकट, आणि ती आधीच टिक केलेली नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते.

निर्णायक आकडा: नोंदणी दर ५ टक्के, प्रत्येक लेखासाठी वेगळा काढलेला. एखाद्या लेखावर भरपूर लोक येऊन नोंदणी १ टक्काच होत असेल, तर तो लेख चुकीची माणसं आणतोय किंवा तक्ता फार खाली ठेवला आहे. आधी जागा बदलून पाहा.

तिसरा टप्पा: खरेदी

नोंदणीनंतर स्वागत मालिकेचे ४ ईमेल आपोआप जातील. पहिला लगेच, फक्त तक्ता. तिसऱ्या दिवशी कल्हईचा व्हिडिओ. सातव्या दिवशी ‘पहिलं भांडं कोणतं घ्यावं’: चार माणसांच्या घराला केवढं पातेलं, जाडी का बघावी, वजनावर किंमत कशी ठरते. बाराव्या दिवशी विक्रीचा ईमेल, तीनच वस्तू. त्यानंतर आठवड्याला एकच. धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात दोन चालतील, कारण त्या दिवशी भांडं घेण्याची रीत घरोघरी आहे आणि माणसं स्वतःहून शोधत असतात.

प्रत्येक लिंकला UTM, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारा शेपटीचा मजकूर, लावायचा, नाहीतर विक्री कुठून आली ते कळणार नाही:

```
?utm_source=yadi&utm_medium=email&utm_campaign=swagat_4
```

ओपन रेटवर निर्णय घ्यायचा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत अॅपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ज्यांनी ते चालू केलं आहे त्यांच्या ईमेलमधली चित्रं, मोजणीचं अदृश्य चित्रसुद्धा, आधीच उतरवली जातात. माणसाने ईमेल न उघडताही उघडल्याची नोंद होते. म्हणून इथे पाहायचा क्लिक दर, आणि शेवटी प्रति पोहोचलेला ईमेल उत्पन्न.

```
क्लिक दर = क्लिक करणारे ÷ पोहोचलेले ईमेल × १००
प्रति ईमेल उत्पन्न = ईमेलमधून आलेली विक्री ÷ पोहोचलेले ईमेल
```

लक्ष्य: स्वागत मालिकेत क्लिक दर ५ टक्के, खरेदी ४ टक्के. क्लिक चांगले पण खरेदी नाही, तर दोष ईमेलचा नाही. वजनदार भांड्याचा कुरिअर खर्च शेवटच्या पानावर अचानक दिसत असेल, तो सातव्या दिवसाच्या ईमेलमध्येच सांगून टाका.

ए/बी चाचणीचा मोह इथे आवरा. ९०० जणांचे दोन भाग केले की ४५० उरतात. एका विषयओळीला २२ क्लिक आणि दुसरीला २७ मिळाले, तर हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

तक्रारींचं गणित त्याहून कडक आहे. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम लागू केले. स्पॅम तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नका, असं त्यात सांगितलं आहे. ९०० जणांत एकाने जरी ‘स्पॅम’ दाबलं तरी ०.११ टक्के होतात. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त ईमेल पाठवणाऱ्यांवरच्या एका क्लिकमध्ये यादी सोडण्याच्या आणि डीमार्कच्या अटी आपल्याला लागू नाहीत, पण ईमेल खरंच आपल्याच पत्त्यावरून गेला हे पटवून देणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी पहिल्याच आठवड्यात बसवायच्या. यादी सोडण्याची लिंक ठळक ठेवायची. वैतागलेल्या माणसाला ती सापडली नाही की तो स्पॅमच दाबतो.

चौथा टप्पा: परत येणं

या दुकानाचं खरं बळ इथे आहे, म्हणून सगळ्यात जास्त कष्ट याच ईमेलवर घ्यावेत. रोज वापरात असलेल्या भांड्याची कल्हई काही महिन्यांत झिजते आणि ग्राहकाला पुन्हा यावंच लागतं. त्याला आठवण करून देणं ही जाहिरात नाही, सेवा आहे. अर्जावरच्या उत्तरावरून ज्यांच्या मागच्या कल्हईला ५ महिने झाले, त्यांना हा ईमेल जाईल:

> विषय: पातेल्याच्या तळाशी पिवळं दिसतंय का?
>
> नमस्कार,
>
> तुमच्या भांड्याला कल्हई करून पाच महिने होत आले. आज घासताना आतून एकदा उजेडात धरून पाहा. चांदीसारख्या थरातून पितळेचा पिवळा रंग डोकावत असेल, तर त्यात ताक, चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार करणं थांबवा.
>
> थर अजून सगळीकडे सारखा असेल, तर आणायची घाई नको.
>
> आणायचं असेल तर सोमवार ते शनिवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ६. सकाळी दिलेलं भांडं त्याच दिवशी मिळतं. शंका असेल तर आतल्या बाजूचा फोटो काढून याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवा, बघून सांगतो.

‘घाई नको’ हे वाक्य काढू नका. त्याच्यामुळे बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

हा ईमेल वाचून माणूस वेबसाइटवर जाणार नाही, पिशवीत पातेलं घालून दुकानात येईल. म्हणून क्लिक मोजून भागणार नाही. काउंटरवर ‘आठवणीचा ईमेल आला होता का?’ विचारायचं आणि हो म्हटलं तर पावतीच्या कोपऱ्यात ‘ई’ लिहायचा. शनिवारी ‘ई’ मोजायचे. निर्णायक आकडा: पाठवलेल्या दर १०० आठवणींमागे आलेली भांडी, लक्ष्य १०. सोबत फोटोसह आलेली उत्तरं आणि कल्हईला येऊन नवीन भांडंही घेतलेल्यांची संख्या नोंदवा. या टप्प्याचा पूर्ण हिशोब १२ आठवड्यांत लागणार नाही, तो धनत्रयोदशीनंतर सहा महिने चालू ठेवायचा.

आढावा

दर सोमवारी २० मिनिटं, चार आकडे: भेटी, नोंदणी दर, प्रति ईमेल उत्पन्न, ‘ई’ पावत्या. ज्या टप्प्याचा आकडा लक्ष्यापासून सगळ्यात दूर, त्या आठवड्यात फक्त त्याच टप्प्यावर काम. सहाव्या आठवड्यात उलटं गणित प्रत्यक्ष दरांनी पुन्हा मांडायचं आणि ३६ चा आकडा वर किंवा खाली न्यायचा.

गटांनी आपापल्या धंद्याचा आराखडा सादर करताना उलट्या गणिताचं पान सुरुवातीला जोडावं, आणि चौथ्या टप्प्यातला किमान एक ईमेल पूर्ण लिहून द्यावा.