फ्रँकफुर्टच्या हॉटेलातील पाट्यांविषयी काकांना

सोलापूर, १२ जानेवारी

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री तुम्ही पाठवलेले सातही फोटो मी मोठे करून पाहिले आणि जर्मन मजकूर शब्दशः वाचला. उद्यापासून तुम्ही हाइमटेक्स्टिल या कापड-प्रदर्शनातल्या स्टॉलवर दिवसभर उभे असाल, म्हणून हे सगळे आज रात्रीच काकूंसोबत एकदा वाचून घ्यावे, ही विनंती.

पहिला फोटो लिफ्टजवळच्या नकाशाचा आहे आणि तिसरा तुमच्या ४१७ क्रमांकाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूचा. ‘हे दोन नकाशे एकमेकांच्या उलट आहेत, कुठला तरी चुकीचा छापलाय’ असे तुम्ही लिहिले आहे. पण दोन्ही बरोबर आहेत. ‘फ्लुख्ट उंड रेटुंग्सप्लान’ म्हणजे सुटकेचा आणि बचावाचा आराखडा. तो उत्तर दिशा वर धरून छापत नाहीत, तर पाहणारा ज्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो त्या हिशेबाने फिरवून छापतात, म्हणजे कागदावर जे वरच्या बाजूला आहे ते प्रत्यक्षात तुमच्या समोर असते. दाराच्या आतून पाहताना तुमचे तोंड कॉरिडॉरकडे असते. लिफ्टजवळचा फलक मात्र तुमच्याच खोल्यांच्या रांगेच्या भिंतीवर लावलेला असल्यामुळे तेथे तुमचे तोंड नेमके विरुद्ध दिशेला होते, आणि म्हणून एका नकाशात डावीकडे असलेला जिना दुसऱ्यात उजवीकडे दिसतो. यावरून एक पथ्य पाळावे: लिफ्टजवळच्या नकाशाचा फोटो मोबाइलवर उघडून खोलीच्या दारातून वाट शोधू नये, कारण तो नकाशा त्या जागेपुरताच खरा आहे.

निळा ठिपका आणि त्यापुढचा ‘श्टांडऑर्ट’ हा शब्द म्हणजे ‘तुम्ही येथे आहात’. फिका हिरवा पट्टा हा मजल्यावरून चालत जाण्याचा मार्ग आणि गडद हिरवा भाग म्हणजे जिना. लाल चौकोनांतील चिन्हे अग्निशामक नळकांडे, पाण्याच्या पाइपचे कपाट आणि धोक्याची सूचना देण्याचे बटण यांची आहेत. तुमच्या खोलीतून बाहेर पडून डावीकडे वळले की ४१९, ४२१ आणि ४२३ ही तीन दारे लागतात, मग एक जड दार आणि त्यापलीकडे जिना. उजवीकडे, लिफ्टला लागून, दुसरा जिना आहे. धुरात पाट्या दिसत नाहीत, म्हणून आज झोपण्यापूर्वी भिंतीला हात लावून ती तीन दारे प्रत्यक्ष मोजत एकदा जिन्यापर्यंत जाऊन या. काकू हसतील, पण त्यांनाही सोबत न्या.

त्या जड दारावरची पाटी, म्हणजे तुमचा चौथा फोटो, सांगते की हे आगीला अडवणारे दार आहे आणि ते नेहमी बंद ठेवावे. ते आपोआप मिटते म्हणून सामान नेताना त्याखाली पाचर किंवा चप्पल अडकवू नये. आपल्या कारखान्यात गोदामाच्या दाराला विटेचा टेकू देण्याची जी सवय कामगारांना आहे, ती येथे कृपया नको.

दुसरा फोटो सर्वांत महत्त्वाचा. वर लिहिले आहे, ‘आग लागल्यास कसे वागावे’. पहिली ओळ ‘शांत राहा’. दुसरी ‘आग कळवा’: अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका या दोन्हींसाठी क्रमांक ११२, जो युरोपीय संघातील कोणत्याही देशात विनामूल्य लागतो. कोण बोलत आहे, काय झाले, कुठे झाले आणि किती जण जखमी आहेत, एवढे सांगायचे. आणि समोरच्याचे प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवायचा नाही. जर्मनमध्ये ‘एस ब्रेंट इम फीर्टन श्टॉक’ म्हणजे ‘चौथ्या मजल्यावर आग लागली आहे’, एवढे पाठ करा. त्याआधी हॉटेलचे नाव आणि रस्ता सांगा. रिसेप्शनवरचे कार्ड त्यासाठी खिशात असू द्या.

तिसरी ओळ ‘सुरक्षित जागी जा’. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की धोक्यात असलेल्यांना सोबत घ्या, दारे बंद करा, खुणा केलेल्या मार्गानेच जा आणि लिफ्ट वापरू नका. काकूंचा गुडघा लक्षात घेता चार मजले उतरणे अवघड आहे, हे रिसेप्शनवर आधीच सांगून ठेवावे, म्हणजे वेळ आलीच तर कर्मचाऱ्यांना ते ठाऊक असेल. शेवटची ओळ ‘विझवण्याचा प्रयत्न करा’ अशी आहे, पण ती शेवटी आहे हे विसरू नये: आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल आणि मागे निघायची वाट मोकळी असेल तरच नळकांड्याला हात लावावा.

पाचव्या फोटोत दोन पेट्या आहेत. लाल पेटीतले बटण अग्निशमन दलाला बोलावते. निळी पेटी ‘हाउसअलार्म’ची आहे आणि ती फक्त इमारतीतल्या लोकांना सावध करते, म्हणून निळे बटण दाबल्यावरही ११२ला फोन करावाच लागतो. खाली उतरल्यावर मागच्या अंगणातील पार्किंगमध्ये, जेथे चारी कोपऱ्यांतून बाण माणसांच्या गटाकडे येतात अशी हिरवी पाटी आहे, तेथे थांबावे. सॅम्पलची बॅग वर राहिली म्हणून परत जाऊ नये. टॉवेल पुन्हा विणता येतात.

बाहेरच कॉरिडॉर धुराने भरला असेल आणि दाराचे हँडल गरम लागत असेल, तर खोलीतच राहून दार लावावे, फटीत ओले टॉवेल कोंबावेत आणि ११२ला खोलीचा क्रमांक सांगावा. खिडकीची मूठ खाली असली की खिडकी बंद, वर केली की ती वरच्या बाजूने किंचित आत कलते आणि आडवी केली की दारासारखी पूर्ण आत उघडते. हवेसाठी आणि हाक मारण्यासाठी आडवी करावी, बाहेर धूर असेल तर पुन्हा खाली आणून लावून घ्यावी.

सहाव्या फोटोत खोलीच्या सूचना आहेत आणि त्या साध्या आहेत. धूम्रपान मना, मोडणाऱ्याकडून २५० युरो. धूर ओळखणारे यंत्र झाकू नये. खोलीत स्वयंपाक करू नये. न्याहारी साडेसहा ते दहा, रात्री दहानंतर शांतता, खोली अकरापर्यंत सोडावी. तुमची सकाळची उदबत्ती आणि काकूंची खिचडीसाठी आणलेली छोटी शेगडी या दोन्ही गोष्टी त्या यंत्राच्या दृष्टीने सारख्याच आहेत, आणि ते वाजले की अख्खे हॉटेल रस्त्यावर येईल. देवपूजा हात जोडून व्हावी. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोबत आहेच.

न्हाणीघरातली पाटी सांगते की टॉवेल जमिनीवर टाकला तर तो बदलतात, खुंटीवर टांगला तर तुम्ही तो पुन्हा वापरणार असे समजतात. ‘टॉवेल रोज का बदलत नाहीत’ याचे उत्तर हेच. तुमच्या ग्राहकांपैकी कोणी किती धुण्यांनंतर लूप बसतात असे विचारले, तर ही पाटी आठवावी.

सातव्या फोटोत फ्लॅशमुळे मधला मजकूर पूर्ण पांढरा झाला आहे. वर फक्त ‘रात्री मुख्य दार’ एवढेच वाचता येते. तो दाराच्या वेळेविषयी असणार, म्हणून फ्लॅश बंद करून, पाटीच्या जरा बाजूला उभे राहून पुन्हा काढून पाठवावा. मी जागी आहे.

आपली पुतणी