फिरता करंडक

लालबागमधील त्या चाळीच्या पुनर्विकासाचा करार झाल्यानंतर मंडळाच्या मालकीची जिन्याखालची खोली रिकामी करण्याचे काम निघाले. ढोल-ताशांच्या फुटक्या कातड्यांपासून मखराच्या फळ्यांपर्यंत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे जे टाकवले नाही ते सगळे तिथे कोंबलेले होते. मोठी माणसे सामान बाहेर काढत होती आणि सातवीतला ओंकार हाताला लागेल ते घेऊन गॅलरीत रचत होता. लेझीमच्या गाठोड्यामागे गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीने करकचून बांधलेली एक वस्तू त्याला सापडली. सुतळी सोडल्यावर आतून दोन कानांचा, हातभर उंचीचा, कोळशासारखा काळा पडलेला करंडक निघाला. कोणीतरी म्हणाले, "भंगारात टाक रे." ओंकारने तो टाकला नाही. जेवणे झाल्यावर तो करंडक घेऊन नळाजवळ बसला.

घरातली पितळी भांडी आई चिंच-मिठाने घासते, हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने मूठभर चिंच भिजवली आणि नारळाच्या काथ्याचा बोळा करून पहिला हात मारणार, इतक्यात दोन खोल्या पलीकडे राहणारे बाबू आजोबा गॅलरीतूनच ओरडले, "अरे, थांब! काथ्या लावू नकोस त्याला."

आजोबा गुडघ्यांवर हात टेकत खाली आले आणि पायरीवर बसले. करंडक त्यांनी मांडीवर घेतला, उलटा केला, बुडाशी नख मारून पाहिले. "चांदीचा नाही हा. आत पितळ आहे, वर चांदीचा नुसता मुलामा. काथ्याने घासलास की काळं जाईल आणि त्याबरोबर चांदीही जाईल. जुनी बनियन आण. आणि दात घासायची पांढरी पूड आण."

पूड पाण्यात कालवून तिचा लोण्याइतका मऊ लेप करायचा, बनियनच्या चिंधीवर बोटाच्या टोकाने घ्यायचा आणि जोर न लावता फिरवत राहायचे, असे आजोबांनी एकदा करून दाखवले. सुरुवातीला काहीच घडल्यासारखे वाटले नाही. चिंधी मात्र काळी होत गेली. तिचा कोरा भाग उलगडून ओंकार पुन्हा घासू लागला, तेव्हा करंडकाच्या पोटावर आधी पिवळट, मग राखाडी आणि शेवटी खरोखरच पांढरा असा रुपयाएवढा ठिपका उमटला. त्या ठिपक्यात त्याला स्वतःचे नाक दिसले, तेही चपटे होऊन. कानांवरचा मुलामा पूर्वीच उडालेला असल्यामुळे तिथे हिरवा कळंक चढला होता. तेवढ्यापुरती चिंच वापरण्याची परवानगी त्याला मिळाली.

खाली लाकडी बैठक होती आणि तिच्याभोवती धातूच्या छोट्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. ओंकार जुना ब्रश घेऊन त्या घासायला लागला, तसे आजोबांनी त्याचा हात धरला. "अक्षरांच्या आतलं काळं काढायचं नाही. ते काढलंस तर वाचणार कसं?" म्हणून त्याने चिंधी एका बोटावर ताणून फक्त वरवर फिरवली. पट्टी उजळली आणि कोरलेली अक्षरे काळीच राहिल्यामुळे ठसठशीत दिसू लागली. १९७६, १९७७, १९७८ आणि प्रत्येक वर्षापुढे एका वेगळ्या संघाचे नाव. १९८० च्या पट्टीवर शेजारच्या गल्लीतल्या मंडळाचे नाव होते, १९८१ च्या पट्टीवर त्यांच्या स्वतःच्या मंडळाचे. त्यापुढच्या दोन पट्ट्या कोऱ्या होत्या.

"आजोबा, नंतर आपण हरलो का?"

"नंतर स्पर्धाच झाली नाही."

करंडक कबड्डीचा होता आणि तो एका गिरणीने ठेवला होता. दर डिसेंबरात गिरणीमागच्या मैदानावर दिव्यांच्या माळा लावून रात्री सामने होत, आणि पाळी संपवून निघालेले कामगार डबा हातात तसाच धरून मैदानाच्या कडेला उभे राहत. १९८१ च्या अंतिम सामन्यात बाबू आजोबा चोवीस वर्षांचे होते आणि संघाचे कर्णधार होते. विजय मिळाल्यावर त्यांनी एका छापील कागदावर सही केली होती. करंडक फिरता असल्याने पुढील स्पर्धेच्या आठ दिवस आधी तो सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी कर्णधाराची, असे त्यावर लिहिलेले होते. त्यानंतर महिनाभरातच, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले.

"डिसेंबर आला तेव्हा मी गेलो होतो परत द्यायला," आजोबा म्हणाले. "हाच गोणपाट, डोक्यावर घेतलेला. फाटकाला कुलूप. आतला रखवालदार म्हणाला, साहेब नाहीत, क्लब नाही, कोणाच्या नावावर घेऊ? पोच द्यायलासुद्धा कोणी नव्हतं. आणला परत."

"मग घरी का नाही ठेवलात?"

आजोबांनी लगेच उत्तर दिले नाही. त्या वर्षी त्यांच्या घरात विकण्याजोगे जे होते ते एकेक करून बाजारात गेले होते, आणि ही वस्तू दृष्टीसमोर राहिली असती तर तीही गेली असती, हे त्यांनी ओंकारला सांगितले ते बऱ्याच वेळाने, आणि तेही चिंधी पिळता पिळता.

ओंकारला मात्र त्या सहीचीच काळजी लागून राहिली होती. गिरणीच्या जागेवर आता काचेचा मनोरा आहे, हे त्याला माहीत होते. "मग आता कोणाला परत द्यायचा?"

"ज्यांनी दिला ते तर राहिले नाहीत." आजोबांनी १९८० च्या पट्टीवर अंगठा फिरवला. "पण ज्यांच्याकडून घेतला ते आहेत. वसंता आहे विरारला, मुलाकडे. त्यांचा कर्णधार." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आता सुस्थितीत म्हणता येईल ना रे?"

ओंकारने करंडक उजेडात धरून फिरवला. एका बाजूला मुलामा विरून पितळ डोकावत होते आणि डावा कान किंचित हलत होता. "कान डुगडुगतोय," तो म्हणाला.

"तो तेव्हापासूनच डुगडुगतोय. मिरवणुकीत वसंताच्याच पोरांनी पाडला होता."

नंबर आजोबांच्या डायरीत होता. फोन ओंकारने लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून आधी खोकला आला, मग नाव विचारले गेले, मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. आजोबांनी घसा साफ करून करंडक सापडल्याचे सांगितले, तो आता वर्षभर तुझ्याकडे राहू दे, पुढच्या डिसेंबरात मी न्यायला येईन, असे अगदी अर्ज वाचून दाखवावा तशा स्वरात सांगितले.

"करंडक आमचाच होता, बाब्या," पलीकडून आवाज आला. "शेवटच्या चढाईत मध्यरेषेला हात लागायच्या आधी तुझा दम तुटला होता. पंचाला ऐकू आलं नाही. मला आलं होतं."

"दम तुटला? माझा?" आजोबा पायरीवरून उठून उभे राहिले. "कोपऱ्यातून तुम्ही तिघे पायाला लोंबकळला होतात, तरी कबड्डी कबड्डी चालू होतं माझं! विचार कोणालाही!"

"कोणाला विचारू? आता आपण दोघंच उरलो."

"मग मी सांगतो तेच खरं!"

ओंकारने फोन पायरीवर उभा करून ठेवला आणि राहिलेला उजवा कान घासायला घेतला.