भिंती आहेत तोवर: शहरातील भित्तिचित्रांच्या दस्तऐवजीकरणासाठी अनुदान-प्रस्तावाचे निवेदन

आमच्या लहान शहरात ३८ भिंतींवर मिळून ६३ चित्रे आम्ही मोजली आहेत. मागच्या वर्षी मोजली तेव्हा ती ६७ होती. चारपैकी तीन चित्रे एकाच घराच्या दुरुस्तीत गेली. सकाळी जुना गिलावा उतरवला आणि संध्याकाळपर्यंत नवा चढला. घरमालकाची त्यात चूक नव्हती, भिंत खरोखरच फुगली होती. चित्र वाचवता आले नसते हे आम्हाला मान्य आहे. मात्र त्याचा एकही नीट फोटो कोणाकडे नाही, ही खंत राहिली आणि हा अर्ज त्या खंतीतूनच आला आहे.

आम्ही चित्रांचे संवर्धन करणार नाही. रंग भरणे, पुसणे, धुणे यांपैकी काहीही या प्रकल्पात नाही, कारण ते प्रशिक्षित संवर्धकांचे काम आहे. आज भिंतीवर जे आहे ते जसेच्या तसे नोंदवून ठेवणे, एवढेच आम्ही हाती घेत आहोत. भित्तिचित्रांच्या जतनासाठी इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये तत्त्वे स्वीकारली. त्यांतही दस्तऐवजीकरणाला मोठे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पुढे कधी संवर्धक आलाच, तर मूळ रेषा कोणती आणि नंतर कोणी गिरवलेली कोणती, हे तो या नोंदींवरून ताडून पाहू शकेल.

प्रत्येक चित्राचे छायाचित्रण दोनदा होईल. पहिल्यांदा मंद, सारख्या पसरलेल्या उजेडात, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून, म्हणजे रंग आणि आकार दोन्ही विश्वासाने वाचता येतील. दुसऱ्यांदा अंधार पडल्यावर, दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून तिरप्या उजेडात. दिवसा सपाट दिसणारी भिंत तेव्हा बोलू लागते: उचललेले पोपडे, कुंचल्याचे फटकारे, ओल्या गिलाव्यावर खिळ्याने ओढलेली आखणी आणि एका दिवसाचा गिलावा संपून दुसऱ्या दिवसाचा सुरू झाला तो सांधा. असा सांधा आणि आखणी दिसली, तर चित्र ओल्या चुन्यावर काढले असण्याची शक्यता वाढते. कोरड्या भिंतीवर डिंक किंवा सरस घालून रंगवलेली चित्रे वेगळ्या तऱ्हेने झिजतात, त्यामुळे हा भेद शक्य तिथे नोंदवणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. ओल, लोणा, भेगा आणि नंतर मारलेली रंगसफेदी यांचा नकाशा प्रत्येक चित्रासोबत असेल. मोठ्या भिंतींचे एकमेकांवर बरेचसे चढणारे फोटो घेऊन त्यांचे त्रिमितीय प्रारूप तयार करू.

आमच्या मते या कामाचा सर्वांत नाजूक भाग माणसांचा आहे. ६३ पैकी फक्त ९ चित्रांवर सही आहे. बाकीची कोणी काढली, कोणी काढून घेतली, रंग कुठून आणला, हे आता काही वृद्धांनाच ठाऊक आहे. भिंत कदाचित आणखी दहा वर्षे टिकेल, पण आठवणींचा तसा भरवसा देता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याआधी ध्वनिमुद्रण सुरू करू. प्रत्येक मुलाखत भिंतीसमोर बसून घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे, कारण चित्र समोर असले की माणसाला कोपऱ्यातला तपशीलही आठवतो, हा प्राथमिक पाहणीतला आमचा अनुभव आहे. सांगणाऱ्याची आणि घरमालकाची लेखी संमती घेऊ. हयात चित्रकारांचे हक्क त्यांच्याकडेच राहतील आणि श्रेय त्यांच्या नावाने दिले जाईल.

नोंदी कुठे ठेवणार, हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रती मोठ्या संख्येने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. इतक्या वर्षांची मेहनत एका छपराखाली ठेवल्याची ती किंमत होती. आमच्या प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असतील, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक शहराबाहेर. मूळ फोटो कच्च्या स्वरूपात आणि टिफमध्ये जपू. छापील सूची सार्वजनिक ग्रंथालयात कोणालाही पाहता येईल.

काम १४ महिन्यांचे आहे. छायाचित्रकार, मुलाखती घेणारी एक व्यक्ती, नोंदणी साहाय्यक आणि अर्धवेळ सल्लागार संवर्धक अशी चार जणांची तुकडी असेल. मागितलेल्या रकमेपैकी निम्मी मानधनावर, चौथा हिस्सा दिवे, परांची आणि भाड्याच्या लेन्सवर, उरलेली साठवण, प्रतिलेखन आणि छपाईवर खर्च होईल. कॅमेरा आमच्याकडे आहे, त्यासाठी काही मागत नाही.

पाच भिंतींच्या मालकांनी येत्या पावसाळ्यानंतर दुरुस्ती काढायचे ठरवले आहे. आम्ही विनंती केल्यावर ते तोवर थांबायला तयार झाले. अनुदान मंजूर झाल्यास पहिले सहा आठवडे त्या पाच भिंतींसाठीच राखून ठेवू.