पाव

गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरासमोर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला. माई म्हणाली, "चावी." म्हणायचं होतं पाव. मेंदूच्या डाव्या बाजूच्या झटक्याला दीड महिना झाला होता. शब्द आत शाबूत होते, ओठांपर्यंतची वाट तुटली होती.

लेकीने चूक दाखवली नाही. टीव्ही बंद केला, समोर बसून पाव धरला, मनात दहा अंक मोजले. ही वाट बघणंच सर्वांत कठीण.

"चहात बुडवून खातो तो?"

"चावी."

तोच शब्द अडकला की रेटायचं नाही. तिने पाव झाकला, अर्धा मिनिट परसातली अबोली दाखवली, मग पाव पुन्हा काढला.

"पोदेराने आणला गरम गरम..."

ओठ मिटले, आवाज नाही.

"पा..."

उजवा हात लुळा, म्हणून माईचा डावा हात धरून टेबलावर ठोके: पाव, ह, वा. दोघी सुरात तीनदा. चौथ्यांदा लेक मध्येच थांबली.

"...हवा. पाव हवा!"

पाव लगेच माईच्या हातात. पाच मिनिटांनी लेकीने पुन्हा विचारलं, "काय हवं?"

"पा... पाव."

वहीत नोंद झाली: पाव, खुणेशिवाय. काल फक्त माझ्यामागून.