प्रस्तावित रस्तारुंदीकरणाबाबत हरकत अर्ज

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. नगररचनाकार,
नियोजन प्राधिकरण कार्यालय, सातारा.

अर्जदार : सुलभा मधुकर शिंदे, सि.स.नं. ११२/ब, व्यंकटपुरा पेठ, सातारा ४१५००२.

विषय : आमच्या घरासमोरील ६ मीटर रुंदीचा रस्ता १२ मीटर करण्याच्या प्रस्तावास हरकत.

संदर्भ : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ अन्वये प्रसिद्ध झालेली प्रारूप सुधारित विकास योजना.

महोदय,

वरील मिळकत माझ्या नावावर असून आम्ही पाच जण तेथे राहतो. पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. घर त्याच गिरणीवर चालते. मी मुदतीत ही लेखी हरकत नोंदवत आहे.

आमच्या जागेचा दर्शनी भाग ७.२ मीटर आणि खोली ९.५ मीटर, म्हणजे एकूण ६८.४ चौ.मी. नकाशात वाढीव ६ मीटर पूर्ण पूर्वेकडून, म्हणजे आमच्याच बाजूने घेतलेले दिसतात. त्यात ४३.२ चौ.मी. जागा जाते. ओटी, गिरणी, माडीवर जाणारा जिना आणि नळजोड सगळे त्यात येते. मागे उरतात २५.२ चौ.मी. त्यातूनही समोर सामासिक अंतर सोडले, तर पाच माणसांनी राहण्यासारखे तिथे काही बांधता येणार नाही. कागदावर घराचा काही भाग बाधित म्हटले जाईल, प्रत्यक्षात घरच जाणार आहे.

समोर पश्चिमेला कुंपणभिंतीच्या आत मोकळी जागा आहे. त्या बाजूचा एक फूटही न घेता सगळी रुंदी राहत्या घरांतून का काढली, याचे कारण योजनेच्या अहवालात मला सापडले नाही. रस्त्याचा मध्य धरून दोन्हीकडून तीन-तीन मीटर घेतले असते, तर आमची २१.६ चौ.मी. जागा गेली असती आणि मागे ४६.८ चौ.मी. राहिली असती. तेही सोपे नाही, पण निदान डोक्यावर छप्पर राहते.

कार्यालयात बसून न दिसणारी एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. आमची आणि शेजारची भिंत सामाईक आहे. दगडी जोत्यावरची जुनी पांढऱ्या मातीची भिंत, आणि दोन्ही घरांच्या माडीच्या तुळया तिच्यातच रोवलेल्या. आमचा पुढचा भाग पाडला की शेजारच्या तुळयांचा आधार हलणार. शेजारी सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा राहतात. शिवाय रस्ता अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचा. पावसाळ्यात वरून येणारे सगळे पाणी पूर्वेच्या गटारातून खाली जाते. ते गटार कुठे नेणार, हे प्रस्तावात दाखवलेले नाही. जागेवर येऊन पाहिल्याशिवाय ही रेषा कायम करू नये.

वाहतुकीची अडचण मला मान्य आहे. मात्र कोंडी होते ती चौकाच्या तोंडाशी, दोन्हीकडे गाड्या लावल्यामुळे. आमच्या घरासमोरून रिक्षा आणि टेम्पो सहज जातात. आधी एका बाजूला पार्किंग बंद करून आणि एकेरी वाहतूक करून पाहावे. त्यानेही भागले नाही, तर ९ मीटर रुंदी आणि तीही दोन्ही बाजूंनी, याचा विचार व्हावा.

महाराजगंज येथील रस्तारुंदीकरणाच्या प्रकरणात मा. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेले निर्देश सर्व राज्यांसाठी आहेत. त्यानुसार आधी अभिलेखावरून रस्त्याची सध्याची रुंदी निश्चित करायची असते आणि जास्त जागा लागत असेल तर ती कायद्याने संपादित करावी लागते. आमच्याकडे अतिक्रमण नाही. मिळकत पत्रिका तसे सांगते. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयामार्फत, आम्हा मिळकतधारकांसमोर संयुक्त मोजणी व्हावी, ही माझी मागणी आहे.

टीडीआर किंवा वाढीव एफएसआय घेण्यास माझी संमती नाही. २५ चौ.मी. जागेवर वाढीव एफएसआय वापरणार कुठे? आणि टीडीआर विकला जाईपर्यंत आम्ही राहायचे कुठे आणि गिरणी कुठे लावायची? सगळे ऐकूनही जागा घेणे अटळच ठरले, तर भूसंपादन कायदा, २०१३ प्रमाणे रोख मोबदला मिळावा, त्यात बांधकाम आणि व्यवसायाचे नुकसान धरावे आणि मोबदला हातात पडल्याशिवाय बांधकामाला हात लावू नये.

तरी सदर रुंदीकरणाचा प्रस्ताव योजनेतून वगळावा अथवा वरीलप्रमाणे बदलावा. कलम २८ नुसार नियोजन समितीपुढे मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, तिची लेखी सूचना वरील पत्त्यावर पाठवावी आणि निर्णय कारणांसह कळवावा, ही विनंती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का मिळावा.

आपली विश्वासू,
सुलभा मधुकर शिंदे

सोबत : मिळकत पत्रिकेचा उतारा, चालू वर्षाची घरपट्टी पावती, गिरणीचे वीजबिल, प्रारूप नकाशातील बाधित भागाची प्रत, सामाईक भिंतीची व गटाराची छायाचित्रे.