राजीनाम्याचे पत्र देण्यापूर्वी आपणास कल्पना देण्याबाबत

दि. १९ जुलै २०२६

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यातील नोकरी सोडण्याचा निर्णय मी घेतला आहे. राजीनाम्याचे पत्र शनिवार, १ ऑगस्ट रोजी देण्याचा विचार आहे आणि नेमणूक पत्रातील साठ दिवसांची मुदत धरता ३० सप्टेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. पत्र आवक विभागात गेले आणि त्यावर क्रमांक पडला, की ती बातमी तासाभरात गेटपासून कँटीनपर्यंत पोहोचते, हे आपणही जाणता. आपल्याला ती तशी कळावी हे मला योग्य वाटत नाही, म्हणून त्याआधीच हे लिहीत आहे. समोर बसून सांगण्याचा विचार होता, परंतु गेल्या आठवड्यात दोनदा आपल्या केबिनपर्यंत येऊन, आत मिल विभागाची मंडळी बसलेली पाहून परत गेलो. खरे सांगायचे तर दुसऱ्या वेळी आत कोणी नसते तरी मी परत गेलो असतो.

कारण घरचे आहे. माझी पत्नी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची आंतरजिल्हा बदली होईल या आशेवर आम्ही सहा वर्षे काढली. आता मुलगी पाचवीत गेली असून आईच्या दोन्ही गुडघ्यांनी साथ सोडली आहे. येथून घरी जायला एका बाजूने सात तास लागतात, आणि हंगामात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी जाऊन येणे शक्य होत नाही. मागील गाळपात मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी गेलो होतो, तो थेट संक्रांतीला पुन्हा गेलो. घरापासून पंचवीस किलोमीटरवर असलेल्या एका कारखान्याच्या आसवनी प्रयोगशाळेत मला काम मिळाले आहे. पगारातील फरक सांगण्यासारखा नाही. उलट किण्वन विभागाचे काम मला पहिल्यापासून शिकावे लागणार आहे.

आपण विचारण्याआधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गेल्या दोन वर्षांत पगार उशिरा झाले, तीन-तीन महिने थकले, त्यामुळे मी जात आहे असा समज कामगारांत होण्याची शक्यता आहे. निर्णयाचे मूळ त्यात नाही. परंतु घरी दोन ठिकाणचा खर्च चालवताना त्याचा ताण अजिबात आला नाही असे लिहिले, तर ते खोटे ठरेल, आणि आपल्याशी मी आजवर तसे बोललेलो नाही. त्याचबरोबर वेतनवाढीचा किंवा पदाचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवण्याचे कष्ट आपण घेऊ नयेत, अशी विनंती आहे. तो मंजूर झाला तरी सात तासांचे अंतर कमी होणार नाही, आणि माझ्यासाठी टाकलेला आपला शब्द वाया जाईल.

तारीख ठरवताना मी हंगामाचाच विचार अधिक केला. नव्या ठिकाणी मला १ सप्टेंबरला हजर होण्यास सांगितले होते. मी एक महिना मागून घेतला, कारण ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेची मांडामांड होते आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन झाल्यावर कोणाला काही शिकवायला सवड राहत नाही. हंगामी कर्मचाऱ्यांना बोलावण्याची यादी ऑगस्टमध्ये तयार होते आणि त्याच सुमारास रिक्त पदांचा विषय संचालक मंडळापुढे जातो. माझ्या जागेची मागणी आपल्याला त्याच सभेत मांडता यावी, हा आज कळवण्यामागचा दुसरा हेतू आहे. पत्र थेट १ तारखेला हाती पडले असते, तर त्या सभेच्या टिपणीत हा विषय बसवणे आपल्याला अवघड गेले असते.

माझ्या जागी कोणाला घ्यावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. तरीही विचारलेत तर मी संतोषचे नाव घेईन. त्याची पाच गाळपे झाली आहेत, पोलचे वाचन तो घाईने घेत नाही, आणि आकडा वरिष्ठांना आवडणारा नसला तरी वहीत तोच लिहितो. उताऱ्यावरून ज्या ठिकाणी ऊसदर, संचालकांचे प्रश्न आणि शेतकऱ्यांची ओरड हे सगळे ठरते, तेथे हा शेवटचा गुण मला पदवीपेक्षा मोठा वाटतो. त्याची कमजोरी म्हणजे महिनाअखेरचा हिशोब. प्रक्रियेतील शिल्लक मालाचा साठा मोजताना पॅन, क्रिस्टलायझर आणि टाक्यांमधील मालाचे ब्रिक्स व प्युरिटी धरून उपलब्ध साखर काढण्यात तो अजून अडखळतो आणि अज्ञात घट एकदम वाढलेली दिसली की गोंधळतो. मागील हंगामातील जानेवारी अखेरचा साठा आधार धरून सप्टेंबरपर्यंत मी त्याच्याकडून तो हिशोब चार-पाच वेळा करून घेईन. बाहेरून अनुभवी माणूस घ्यायचे ठरले, तरी हे शिक्षण वाया जाणार नाही.

हस्तांतराची टिपणे मी लिहायला घेतली आहेत. नेहमीच्या पद्धती प्रयोगशाळेच्या पुस्तकात आहेतच, त्यामुळे त्यावर पाने खर्च करत नाही. जे कोठेच लिहिलेले नाही आणि केवळ माझ्या हाताला ठाऊक आहे, तेवढेच उतरवून काढतो आहे. उदाहरणार्थ, मिश्र रसाच्या सॅम्पलरची नळी. तिच्या वाकणावर बारीक भुसा साचतो, धार बारीक होत जाते, आणि वरून पाहणाऱ्याला रस येताना दिसत असल्यामुळे काही बिघडले आहे असे वाटत नाही. प्रत्यक्षात डब्यात जमणारा नमुना त्या दोन तासांचा प्रतिनिधी राहिलेला नसतो. दोन वर्षांपूर्वी आपण चार दिवस मिलच्या इंबिबिशनला दोष देत होतो, तो दोष याच वाकणाचा निघाला. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ती नळी काढून गरम पाण्याने धुवावी, हे मी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावणार आहे. पोलरीमीटरच्या दोनशे मिलिमीटरच्या नळ्यांपैकी एकीच्या टोपणाची काच जास्त आवळली की वाचनात फरक पडतो. तीवर मी लाल दोरा बांधलेला आहे, पण त्या दोऱ्याचा अर्थ माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

कंडेन्सेटच्या तपासणीबद्दल मात्र मी स्वतंत्र पान लिहिले आहे. इव्हॅपोरेटरचे कंडेन्सेट बॉयलरच्या पाण्यात घेण्यापूर्वी अल्फा नॅप्थॉलची चाचणी दर तासाला झालीच पाहिजे आणि रात्रपाळीत ती ‘झाली’ असे सकाळी एकदम भरून ठेवता कामा नये. आपल्याला आठवत असेल, माझ्या दुसऱ्याच हंगामात पहाटे तीनच्या नमुन्यात परीक्षानळीत जांभळे कडे दिसले, मला खात्री वाटेना, म्हणून मी आपल्याला क्वार्टरवर फोन केला आणि आपण पायात स्लिपर, अंगावर शाल अशा अवस्थेत दहा मिनिटांत प्रयोगशाळेत उभे राहिलात. नळी दिव्यासमोर धरून आपण फक्त “पाणी वळवा” एवढेच म्हणालात. साखर बॉयलरमध्ये गेली असती तर काय झाले असते ते नंतर चहा पिताना समजावलेत. नवीन मुलांना ही चाचणी मी त्याच क्रमाने शिकवतो. आधी पाणी वळवायचे, कारण नंतर.

काही बाबी थोडक्यात नोंदवून ठेवतो. लेड सबॲसिटेट, फिल्टर पेपर आणि बफर द्रावणांची मागणी मी जुलैअखेर खरेदी विभागाकडे पाठवत आहे. विश्लेषक तराजू आणि पोलरीमीटर यांच्या कॅलिब्रेशनसाठी बाहेरच्या माणसाची वेळ सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतली आहे. मर्क्युरिक क्लोराईडच्या कपाटाची किल्ली सध्या एकट्या माझ्याकडे असते. ती जाण्याच्या दिवशी कोणाच्या तरी हातात टेकवणे मला मान्य नाही. बाटलीतील साठा आपल्या समक्ष वजन करून, नोंदवहीत सही घेऊनच मी ती देईन. माझ्या नावावरील क्वार्टर ३० सप्टेंबरला रिकामे होईल. भविष्य निर्वाह निधी नव्या ठिकाणी वर्ग करणे, नऊ वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी आणि थकीत पगार यांचा विषय मी राजीनाम्यानंतर रीतसर अर्जाने काढीन. त्यासाठी आपल्याला मध्यस्थी करावी लागू नये असा प्रयत्न करीन. लागलीच, तर मात्र आपल्याशिवाय मला दुसरे दार माहीत नाही.

१ ऑगस्टपर्यंत ही गोष्ट आपल्यापुरती राहावी अशी विनंती आहे. व्यवस्थापकीय संचालकांना आधी सांगणे आवश्यक वाटल्यास माझी हरकत नाही. तो निर्णय सर्वस्वी आपला. प्रयोगशाळेतील मुलांना मात्र मला स्वतः सांगायचे आहे. संतोषलाही अद्याप माहीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल वर जे लिहिले ते कृपया त्याच्या कानावर जाऊ देऊ नये. जागा मिळेलच अशी आशा त्याला माझ्यामुळे लागली आणि निवड दुसऱ्याची झाली, तर तो पूर्ण हंगाम त्याला जड जाईल.

आपला यावर राग असेल, किंवा हंगामाच्या तोंडावर हे बरे केले नाही असे वाटत असेल, तर ते मला समोरासमोर ऐकायचे आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मी शिफ्ट केमिस्ट म्हणून आलो तेव्हा मला पुस्तकातील पोल माहीत होता, गव्हाणीतील ऊस माहीत नव्हता. शिळा ऊस वासावरून ओळखायला आपण शिकवलेत. ही आठवण निरोपाच्या भाषणासाठी ठेवायला हवी होती, पण त्या दिवशी मला धड बोलता येईल याची खात्री नाही.

मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारनंतर, मिलच्या दुरुस्तीची फेरी आटोपल्यावर, आपण अर्धा तास दिल्यास मी केबिनमध्ये येतो. पत्राचा मसुदा सोबत आणीन. त्यातील मजकुरात किंवा तारखेत काही बदल सुचवायचा असल्यास तो त्याच वेळी करून घेता येईल. दोन्ही दिवस सोयीचे नसतील तर कोणता दिवस बरा, एवढे कळवावे. या वेळी मी दारातून परत जाणार नाही.

आपला नम्र,
महेश
प्रयोगशाळा प्रमुख, प्रक्रिया विभाग