थळ घाटातील जुन्या बोगद्याच्या अस्तराचा पाहणी अहवाल

स्थळ: कसारा–इगतपुरी दरम्यान, एकेरी मार्गाचा बोगदा, लांबी ११८ मीटर. अंतरे इगतपुरीकडील मुखापासून.
पाहणी: ९ ऑक्टोबर २०२४, रात्री ००.४० ते ०३.१०, ओएचई बंद करून, टॉवर वॅगनवरून.

भिंती घडीव दगडाच्या, वरची कमान विटांची, दोन्हींचे बांधकाम चुन्यात. मुखापासून ५० मीटरपर्यंत काळजीचे काही नाही.

५४ ते ६३ मीटर दरम्यान डाव्या खांद्यावर रुळांना समांतर तडा आहे. ५८ मीटरवर रुंदी ४ मिमी असून वरची कड सुमारे २ मिमी पुढे आली आहे, नख अडकते. तड्याच्या मधल्या भागात वाफेच्या इंजिनांच्या काळातली काजळी आत बसलेली आहे, म्हणजे तो जुना. पण कसाऱ्याकडच्या टोकाला शेवटचा दीड मीटर स्वच्छ, विटेचा ताजा लाल रंग दिसतो. मे महिन्यात बसवलेल्या तीन काचपट्ट्यांपैकी याच टोकाची फुटली आहे. तडा चालू आहे, असेच धरावे.

७१ मीटरवर माथ्यावर हातोडा मारला असता सुमारे दीड चौरस मीटरात पोकळ आवाज आला. दोन विटा हाताने हलतात.

अस्तरातून झिरपणाऱ्या पाण्याचे मूळ मुखाजवळच्या कटिंगमध्ये दिसते. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा आहे. वरून मुरलेले पाणी त्याच्यावर अडते आणि आडवे सरकते. बोगद्यात हा पट्टा तड्याच्याच पातळीला येतो. पूर्वी कोणीतरी सांधे सिमेंटने लिंपले. दिसायला नीटनेटके काम, पण पाण्याची वाट त्यानेच बंद झाली. नऊपैकी सात वीप होल चुनखडीने बुजले आहेत. ६० मीटरवर बादली लावून मोजले: मिनिटाला साडेचार लिटर, तेही पाऊस थांबून चार दिवस झाल्यावर. ६६ मीटरवरची धार ओएचईच्या इन्सुलेटरपासून जेमतेम ४० सेंमीवर पडते.

तातडीने, पुढच्याच ब्लॉकमध्ये: ७१ मीटरच्या सैल विटा काढून जाळी व शॉटक्रीट, ६६ मीटरची धार पन्हळीने भिंतीकडे वळवणे. तोवर ताशी २० किमीची वेगमर्यादा आणि रोज कीमनची नजर.

डिसेंबरअखेर: ५२ ते ६५ मीटर दोन्ही भिंतींत ३ मीटर खोल नवी निचरा भोके, जुने वीप होल मोकळे करणे, बाजूचे गटार गाळ काढून वाहते करणे. पाणी निघू लागल्यावरच तड्यामागे कमी दाबाचे ग्राउटिंग. क्रम उलटा केल्यास पाणी अस्तरामागे कोंडून कमानीवर दाब वाढेल. म्हणून ग्राउटिंगचे वेगळे कंत्राट आधी काढू नये.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी: झिजलेल्या विटा बदलून चुन्यातच दरजा भरणे, मुखाच्या माथ्यावरची चर दुरुस्त करणे. रॉकबोल्टचा निर्णय काचपट्ट्यांची तीन महिन्यांची नोंद पाहून घ्यावा. फुटलेल्या जागी नवी पट्टी त्याच रात्री बसवली आहे. पहिली नोंद २३ ऑक्टोबरला.

वरिष्ठ विभाग अभियंता (कार्य), इगतपुरी